शेअरचा नफा अचानक होतो, मग कामाचे पैसे का नाही? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ,
नवी दिल्ली

महोदय,

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला. ८१९ कलमांची ५३६ झाली, 'आकारणी वर्षा'चा घोळ मिटून 'कर वर्ष' आलं, भाषाही सोपी झाली. या सगळ्याचं आम्ही स्वागतच केलं. पण ॲडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यांची आणि त्यावरच्या व्याजाची रचना मात्र जुन्या घरातून उचलून, धूळही न झटकता, नव्या घरात आणून ठेवली आहे. हे पत्र तेवढ्यापुरतंच आहे.

आम्ही म्हणजे भाषांतर, संपादन, चित्रं, आवाज असली कामं सुटी-सुटी घेऊन जगणारे लोक, आणि अशा लोकांचे हिशेब सांभाळणारे काहीजण. आमचं उत्पन्न दरमहा ठरलेल्या तारखेला येत नाही. आम्ही कर कमी करून मागत नाही आणि हप्ते बंद करा असंही म्हणत नाही. जो पैसा आमच्याकडे आलेलाच नव्हता, एवढंच नव्हे तर ज्याचं कामही तेव्हा मिळालेलं नव्हतं, त्यावरच्या करासाठी 'उशीर' झाल्याचं व्याज आकारलं जातं, ते आम्हाला मान्य नाही. खाली जुन्या कायद्यातले कलम क्रमांक दिले आहेत, कारण उदाहरण २०२५-२६ चं म्हणजे त्या कायद्याखालच्या शेवटच्या वर्षाचं आहे, आणि लोकांच्या तोंडी अजून तेच क्रमांक आहेत.

आपल्याला नियम सांगायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात मांडतो. वर्षाचा एकूण कर काढायचा, त्यातून कापला गेलेला टीडीएस वजा करायचा. उरलेली रक्कम १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. १५ जूनपर्यंत त्या रकमेच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के. हे आकडे एकत्रित आहेत, म्हणजे सप्टेंबरच्या ४५ टक्क्यांत जूनचे १५ आलेच. कमी भरलं तर कलम २३४सी प्रमाणे पहिल्या तिन्ही हप्त्यांच्या तुटीवर दरमहा १ टक्क्याने तीन-तीन महिन्यांचं आणि मार्चच्या तुटीवर एका महिन्याचं व्याज. जूनला निदान १२ टक्के आणि सप्टेंबरला निदान ३६ टक्के भरलेले असतील तर त्या हप्त्यांचं व्याज माफ होतं. डिसेंबरला आणि मार्चला मात्र अशी मोकळीक नाही. आणि १५ जूनचा हप्ता १६ तारखेला भरला तरी व्याज एका दिवसाचं नव्हे, तीन महिन्यांचंच लागतं.

हे सगळं टक्क्यांत लिहिलेलं आहे, पण टक्के कशाचे, तर ३१ मार्चला जे उत्पन्न ठरेल त्याच्यावरच्या कराचे. जूनमध्ये कुणालाच माहीत नसलेल्या आकड्याचे १५ टक्के जूनमध्ये भरायचे आहेत. पगारदाराला हे जड जात नाही. त्याचा कर कंपनी दरमहा पगारातून कापते आणि बारा महिन्यांचा पगार त्याला एप्रिलमध्येच माहीत असतो. अंदाज बांधायचं काम खऱ्या अर्थाने आमच्या वाट्याला येतं.

आमचे लोक अंदाज कसा बांधतात तेही सांगतो, म्हणजे आम्ही निष्काळजी आहोत असा समज नको. प्रत्येक हप्त्याच्या आधीच्या आठवड्यात वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्या रकान्यात १ एप्रिलपासून प्रत्यक्ष बँकेत आलेले पैसे, टीडीएस कापण्याआधीच्या बिलाच्या आकड्यासह. दुसऱ्यात हाती असलेलं, मेलवर पक्कं झालेलं आणि ३१ मार्चच्या आत ज्याचे पैसे मिळतील असं काम. तिसऱ्यात नुसत्या आशा, म्हणजे 'पुढच्या महिन्यात बोलू' असं सांगितलेली कामं. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज करायची, वर्षभराचा खर्च वजा करायचा आणि त्यावर कर काढायचा. तिसरा रकाना करात धरायचा नाही, पण त्यातलं एखादं काम दुसऱ्या रकान्यात गेलं की लगेच हिशेब पुन्हा मांडायचा. दर हप्त्याला सगळं नव्याने मांडायचं, जुना अंदाज पुढे ओढायचा नाही. जून आणि सप्टेंबरला १२ आणि ३६ टक्क्यांची मोकळीक असल्यामुळे थोडी चूक खपते. डिसेंबरला खपत नाही, म्हणून तिथे शक्य असेल तर जरा जास्तच भरायचं. यापेक्षा शिस्तीचा अंदाज एकट्या माणसाला करता येईल असं आम्हाला वाटत नाही.

आता ही शिस्त पाळूनही काय होतं ते पाहा.

एका अनुवादिकेचं २०२५-२६ हे वर्ष घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण अशा वह्या आमच्या टेबलावर नेहमी येतात. ती हिशेब रोख पद्धतीने ठेवते, म्हणजे पैसे मिळाले त्या दिवशीच ते उत्पन्न धरते. कर नव्या पद्धतीने भरते. खर्च वजा जाता तिचं उत्पन्न १५ जूनपर्यंत १,१०,०००, १५ सप्टेंबरपर्यंत ३,९०,००० आणि १५ डिसेंबरपर्यंत ७,२०,००० रुपये झालं. डिसेंबरला दुसऱ्या रकान्यात ३,८०,००० चं पक्कं काम होतं. म्हणजे वर्षाचा अंदाज ११,००,०००. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य होतो. तिन्ही हप्त्यांना तिने काही भरलं नाही आणि तिचं चुकलंही नाही. उलट १५,६०० रुपयांचा टीडीएस कापला गेला होता, तो परत मिळेल असा तिचा हिशेब होता.

जानेवारीत तिला एका कंपनीकडून मोठ्या अहवालांच्या भाषांतराचं तातडीचं काम आलं. महिन्याभरात ते पूर्ण झालं आणि १८ फेब्रुवारीला ३,००,००० च्या बिलातून ३०,००० टीडीएस कापून २,७०,००० बँकेत आले. उत्पन्न झालं १४,००,०००. १२ लाख ओलांडल्याबरोबर सूट गेली आणि पहिल्या टप्प्यापासूनचा सगळा कर अंगावर आला: ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ लाखांवर ४०,०००, १२ ते १४ लाखांवर ३०,०००, मिळून ९०,०००. त्यावर ४ टक्के उपकर ३,६००. एकूण ९३,६००. दोन्ही टीडीएस मिळून ४५,६०० वजा जाता भरायचे राहिले ४८,०००. तिने १५ मार्चच्या आत ते एकाच वेळी, पूर्ण भरून टाकले.

यापेक्षा तत्पर करदाता कोणता? पण २३४सी चं गणित वेगळं चालतं. ते म्हणतं, जूनला ४८,००० च्या १५ टक्के म्हणजे ७,२०० भरायला हवे होते, त्यावर तीन महिन्यांचे २१६. सप्टेंबरला २१,६०० हवे होते, त्यावर ६४८. डिसेंबरला ३६,००० हवे होते, त्यावर १,०८०. एकूण व्याज १,९४४ रुपये.

रक्कम मोठी नाही, हे आम्हालाही दिसतं. पण हे व्याज कशाचं, हा प्रश्न आहे. व्याज हे दुसऱ्याचा पैसा वापरल्याचं असतं. इथे जूनमध्ये सरकारचा पैसा तिच्याकडे नव्हता, कंपनीकडेही नव्हता, कारण ते काम तोवर जन्मालाच आलेलं नव्हतं. जूनमध्ये तिने ७,२०० भरले असते तर वहीतल्या हिशेबाप्रमाणे तो कर नव्हे, अंदाधुंद रक्कम ठरली असती. हेच पैसे फेब्रुवारीऐवजी २० मार्चला आले असते आणि तिने ३१ मार्चच्या आत कर भरला असता, तर मार्चच्या तुटीचे ४८० आणखी लागून २,४२४ झाले असते. म्हणजे उत्पन्न जितकं उशिरा आणि अनपेक्षित, तितकं व्याज जास्त.

आमची पहिली आणि मुख्य तक्रार इथेच आहे. अनपेक्षित उत्पन्नाचा अंदाज बांधता येत नाही, हे कायद्याला माहीत नाही असं मुळीच नाही. २३४सी मध्येच तशी सवलत आहे. भांडवली नफा, लॉटरीसारखी बक्षिसं आणि २०२१ पासून लाभांश, यांचा अंदाज चुकला आणि पुढच्या उरलेल्या हप्त्यांत, किंवा हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत, त्यावरचा कर भरला, तर व्याज लागत नाही. लाभांश त्या यादीत घालताना २०२१ च्या अर्थसंकल्पात कारण दिलं गेलं, ते असं की भागधारकाला लाभांशाचा नीट अंदाज बांधता येत नाही. कारण अगदी बरोबर आहे. मग आम्हाला तो बांधता येतो असं कुणी ठरवलं?

आमच्या अनुवादिकेचा तोच ४८,००० चा कर भाषांतराऐवजी फेब्रुवारीत विकलेल्या शेअरच्या नफ्यामुळे आला असता, तर १,९४४ चं व्याज शून्य झालं असतं. गंमत म्हणजे शेअर कधी विकायचे हे विकणाऱ्याच्या हातात असतं. काम कधी येणार हे आमच्या हातात नसतं.

त्या यादीत व्यवसायाचं उत्पन्नही एका ठिकाणी आहे. ते पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर त्या वर्षापुरती सवलत मिळते. नव्या माणसाला अंदाज येत नाही हे कायदा मानतो. दुसऱ्या वर्षापासून त्याला ज्योतिष येऊ लागतं असं बहुधा गृहीत धरलेलं असावं.

यावर आपल्या कार्यालयातून उत्तर येईल की लहान व्यावसायिकांसाठी ४४एडीए आहे. ते खरं आहे आणि तरतूद चांगलीही आहे. ढोबळ जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी रक्कम नफा धरायची आणि सगळा ॲडव्हान्स टॅक्स एकदाच १५ मार्चला भरायचा. पण ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे: वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुरचनाकार, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावट करणारे, आणि अधिसूचनेने जोडलेले काही, जसे माहिती तंत्रज्ञानातले व्यावसायिक आणि चित्रपट कलावंत. चित्रपटाचा संवादलेखक या यादीत आहे, पुस्तकाची अनुवादिका नाही. दोघेही लिहूनच पोट भरतात, पण एकाने १५ मार्चला भरलं की तो सुटला, दुसरीने चार वेळा भविष्य सांगायचं. काही सल्लागार अशा लोकांना ४४एडी या लहान धंद्यांसाठीच्या कलमाखाली 'धंदा' म्हणून बसवतात. ते उद्या आकारणीत टिकेल का, याची खात्री कुणी देत नाही, म्हणून आम्ही तो रस्ता सुचवत नाही.

दुसरी तक्रार टीडीएसची. हप्ता काढताना टीडीएस वजा करायचा, पण तो आम्हाला दिसतो कधी? कापणारा दर तिमाहीचं विवरणपत्र भरतो, त्यानंतरच रक्कम २६एएस या करनोंदींच्या उताऱ्यात आमच्या पॅनवर येते. एप्रिल ते जूनची मुदत ३१ जुलै, पुढच्या तिमाहीची ३१ ऑक्टोबर, त्यापुढची ३१ जानेवारी आणि शेवटची थेट ३१ मे. म्हणजे १५ जूनला आम्हाला चालू वर्षाचा टीडीएस सहसा दिसतच नाही. १५ सप्टेंबरला जूनपर्यंतचा, १५ डिसेंबरला सप्टेंबरपर्यंतचा आणि १५ मार्चला, जेव्हा शंभर टक्के भरायचे असतात तेव्हा, डिसेंबरपर्यंतचाच दिसतो. वर्षाची शेवटची तिमाही हप्त्यांची मुदत संपल्यावर कळते, आणि आमच्या क्षेत्रात थकलेली बिलं नेमकी मार्च जवळ आल्यावरच चुकती केली जातात.

अनुवादिकेने १५ मार्चला ३०,००० वजा केले ते बिल आणि बँकेतली जमा यातला फरक पाहून. समजा कंपनीने विवरणपत्रात तिचा पॅन चुकवला, किंवा ते भरलंच नाही. मग संगणकाच्या हिशेबाने तिचा भरायचा कर ४८,००० नव्हे, ७८,००० झाला. त्याच्या ९० टक्के म्हणजे ७०,२०० तिने ३१ मार्चपर्यंत भरलेले नाहीत, म्हणून २३४बी चं वेगळं व्याज सुरू होतं, २३४सी चंही वाढतं. कापलेला कर करदात्याकडून पुन्हा मागायचा नाही असं कलम २०५ सांगतं. पण मागणीची सूचना संगणक पाठवतो आणि उत्तर तिला लिहीत बसावं लागतं.

तिसरी तक्रार छोटी, पण मनात सलणारी. धास्तीने जूनमध्येच जास्त कर भरला तर? परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं, तेही पुढच्या १ एप्रिलपासून, आणि परतावा ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मिळतच नाही. जून ते मार्च आमचा पैसा बिनव्याजी राहतो. आमच्याकडून मात्र व्याज दरमहा एक टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना. जास्त भरा म्हणजे सुरक्षित राहाल, हा सल्ला आम्हालाही द्यावा लागतो, पण तो देताना बरं वाटत नाही.

यावर एक उपाय आपल्याच दप्तरात पडून आहे. मंडळाच्या २६ जून २००६ च्या आदेशाप्रमाणे, भांडवली नफ्याखेरीज कोणतंही उत्पन्न हप्त्याच्या तारखेनंतर आलं, ते आधी अपेक्षित नव्हतं, आणि त्यावरचा कर उरलेल्या हप्त्यांत भरला, तर मुख्य आयुक्त २३४सी चं व्याज कमी किंवा माफ करू शकतात. अनुवादिकेची बाब याच वर्णनात बसते. पण १,९४४ रुपयांसाठी मुख्य आयुक्तांकडे अर्ज करायचा, सोबत बिलं, बँकेचे उतारे, पत्रव्यवहार जोडायचा आणि वाट पाहायची. सल्लागाराची फीच व्याजापेक्षा जास्त होते. म्हणून असे अर्ज आमच्यातलं कुणी करत नाही, आणि आदेश कागदावर राहतो.

'मग सगळेच म्हणतील की आमचं उत्पन्न मार्चमध्ये आलं,' हा आक्षेप आम्ही टाळत नाही. पण हीच शक्यता भांडवली नफ्यातही होती, आणि आपण ती विवरणपत्राच्या रचनेतच सोडवली. आयटीआरमध्ये भांडवली नफ्यासाठी आणि लाभांशासाठी पाच रकान्यांचा तक्ता आहे: १५ जूनपर्यंत, १६ जून ते १५ सप्टेंबर, १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबर, १६ डिसेंबर ते १५ मार्च आणि १६ ते ३१ मार्च. त्या आकड्यांवरून व्याजाचं गणित यंत्रणा स्वतः करते. आमची जमा तर त्याहून सहज तपासता येते, कारण टीडीएसच्या नोंदीत रक्कम आणि तारीख दोन्ही असतात आणि उरलेली जमा बँकेतून येते. ज्यांचा हिशेब रोखीचा नाही, त्यांच्याकडे बिलाची तारीख असते. अमेरिकेत हप्त्यांची पद्धत आपल्यासारखीच आहे, पण तिथे अनियमित उत्पन्नाचा माणूस फॉर्म २२१० ची 'एआय' ही पुरवणी भरून त्या-त्या मुदतीपर्यंत प्रत्यक्ष मिळालेल्या उत्पन्नावरून हप्ता मोजू शकतो. म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

आमच्या मागण्या अशा.

व्याजातून वगळलेल्या उत्पन्नांच्या यादीत, हप्त्याची तारीख उलटल्यानंतर मिळालेलं व्यवसायाचं उत्पन्न घालावं. त्यावरचा कर पुढच्याच हप्त्यांत किंवा ३१ मार्चपर्यंत पूर्ण भरलेला असावा, ही अट ठेवावी. हे संसदेचं काम आहे हे आम्ही जाणतो, मंडळाने तशी शिफारस करावी.

ते होईपर्यंत २००६ चा आदेश नव्या कायद्याखाली स्पष्ट शब्दांत पुन्हा काढावा, आणि व्याज १०,००० रुपयांपर्यंत असेल तर अर्जाविना, विवरणपत्रातल्या तक्त्यावरूनच माफी मिळावी. त्यासाठी व्यवसायाच्या उत्पन्नाला तोच पाच रकान्यांचा तक्ता द्यावा. ज्याला नको तो भरणार नाही, त्याला आजचा नियम लागू राहील.

जून आणि सप्टेंबरला जशी १२ आणि ३६ टक्क्यांची मोकळीक आहे, तशी डिसेंबरला ६० टक्क्यांची द्यावी. प्रमाण तिन्ही ठिकाणी एकच राहील, पाचातले चार भाग.

कापणारा टीडीएस दर महिन्याला जमा करतो, मग कुणाचा किती कापला हेही त्याने दर महिन्यालाच कळवावं, आणि ते आमच्या खात्यावर 'तात्पुरती नोंद' म्हणून दिसावं. १५ मार्चला निदान फेब्रुवारीपर्यंतचं चित्र समोर असलं पाहिजे.

४४एडीए च्या यादीत अनुवादक, संपादक आणि चित्रकार आहेत की नाहीत, याचं एका ओळीचं उत्तर परिपत्रकाने द्यावं. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, आमचा हिशेब निदान एका बाजूला लागेल.

आपले,
सुटी कामं करणारे काही व्यावसायिक आणि त्यांचे हिशेबनीस